एसीसी रोखला की चरबी बनणं थांबतं आणि जळणं सुरू होतं, मग त्याची गोळी का नाही?

निशांत_जीवरसायन

अ‍ॅसेटिल को-ए कार्बोक्सिलेज, म्हणजे एसीसी, मॅलोनिल को-ए बनवतो. त्यातून सायटोसॉलमध्ये मेदाम्लं तयार होतात. तोच मॅलोनिल को-ए सीपीटी-१ला अडवतो, त्यामुळे मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियात शिरत नाहीत आणि बीटा ऑक्सिडेशन थांबतं. म्हणजे एका एन्झाइमला रोखलं की बनणं बंद आणि जळणं सुरू. फॅटी लिव्हरवर याहून नेमका इलाज कोणता? हे लक्ष्य विनाकारण मागे पडलंय असं माझं ठाम मत आहे. वेगळं वाटत असेल तर कारणासकट सांगा.

सुहास_पंढरपूर

पूर्ण सहमत. बीएस्सीला आमच्या सरांनी एका वाक्यात सांगितलं होतं, बीटा ऑक्सिडेशन उलटं चालवलं की मेदाम्ल तयार होतं. तिकडे दोन-दोन कार्बन तोडायचे, इकडे दोन-दोन जोडायचे. मधले टप्पेही तेच: कीटो, हायड्रॉक्सी, दुहेरी बंध, फक्त क्रम उलटा. रस्ता एकच असेल तर जायचं फाटक लावल्यावर गाड्या यायच्या दिशेनेच धावणार. इन्सुलिन फाटक उघडतं, ग्लुकागॉन लावतं. यात अवघड काय आहे?

मेधा_का

सुहास, टप्प्यांमधलं साम्य खरं आहे, पण रस्ता एक नाही. निशांतचा प्रश्नही नेमका इथेच अडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वैद्यकीय महाविद्यालयात वर्षानुवर्षं हा विषय शिकवला आणि हाच गैरसमज दरवर्षी खोडावा लागला.

१९५०च्या दशकात नामवंत शास्त्रज्ञांनाही तुमच्यासारखंच वाटत होतं. बीटा ऑक्सिडेशनची एन्झाइमं हाती आली होती, ती उलटी चालवायची एवढंच काम उरलंय असा समज होता. पण दोन अ‍ॅसेटिल को-ए एकमेकांना जोडायला थायोलेज फारसं राजी नसतं, त्याचा समतोल तोडण्याच्या बाजूला झुकलेला असतो. मग अमेरिकेत विस्कॉन्सिनला सलीह वाकील आणि सहकाऱ्यांना दिसलं की कबुतराच्या यकृताच्या अर्कात मेदाम्ल बनायला बायकार्बोनेट लागतं. ते नसेल तर काम जवळपास ठप्प. आणि तरीही बायकार्बोनेटमधला किरणोत्सारी कार्बन तयार मेदाम्लात सापडत नव्हता! लागतो तर खरा, पण राहत नाही. विद्यार्थ्यांना हे सांगताना मला दरवेळी तोच आनंद व्हायचा.

१९५८मध्ये मॅलोनिल को-ए सापडला आणि कोडं सुटलं. एसीसी एक एटीपी खर्चून अ‍ॅसेटिल को-एवर तो कार्बन बसवतो आणि साखळीला जोडणी होते त्याच क्षणी तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. तो गेल्यामुळे जोडणी मागे फिरत नाही. एटीपीची किंमत मोजून थायोलेजची अडचण टाळली, असं समजा. सोळा कार्बनांचं पामिटेट घ्या. त्याला आठ अ‍ॅसेटिल को-ए लागतात, त्यातल्या सातांना आधी मॅलोनिल व्हावं लागतं, म्हणजे एसीसीपाशी सात एटीपी गेले. शिवाय १४ एनएडीपीएच लागतात. तेच पामिटेट तोडताना सात एनएडीएच आणि सात एफएडीएच२ मिळतात. इलेक्ट्रॉनांची चलनंच वेगळी आहेत. जागाही वेगळ्या: बांधणी सायटोसॉलमध्ये, मोडणी मायटोकॉन्ड्रियात. बांधताना साखळी एका मोठ्या एन्झाइमच्या हाताला लटकलेली असते, मोडताना सुट्या को-एला.

म्हणून एक फाटक लावलं की गाड्या उलट फिरतात हे चित्र सोडून द्या. दोन वेगळे रस्ते आहेत. एकावर तयार होणारा माल दुसऱ्याच्या तोंडाशी अडसर होऊन बसतो, इतकाच त्यांचा संबंध. हा अडसर १९७७मध्ये डॅलसला मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी दाखवला.

अनघा_पु

मध्येच विचारते, माफ करा. सोनोग्राफीत माझं फॅटी लिव्हर ग्रेड १ आलंय. केस गळतात म्हणून मी १० मिलीग्रॅम बायोटिन घेते. एसीसीला बायोटिन लागतं असं आत्ताच वाचलं. म्हणजे गोळीमुळेच माझ्या यकृतात चरबी बनतेय का? तेल तर मी जवळजवळ बंदच केलंय.

मेधा_का

अनघाताई, घाबरू नका. बायोटिन एसीसीला पक्कं चिकटलेलं असतं, कार्बन उचलून नेणारा हात तोच. पण रोजच्या जेवणातून मिळतं तेवढं त्याला पुरतं. वरून जास्त घेतल्याने एन्झाइम जास्त पळत नाही. कामगाराला दोन हातमोजे लागतात, चार दिले म्हणून तो दुप्पट काम करत नाही. एक मात्र आवर्जून सांगते. १० मिलीग्रॅमसारख्या मात्रेने थायरॉइडच्या आणि काही हृदयाच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. रक्त द्यायच्या आधी लॅबला आणि डॉक्टरांना गोळीबद्दल सांगा.

तेलाचं म्हणाल तर फॅटी लिव्हर असलेल्या स्थूल रुग्णांवरच्या एका अभ्यासात यकृतातल्या चरबीचा उगम शोधला होता. साधारण ५९ टक्के चरबी शरीरातल्या मेदपेशींतून सुटून आलेली निघाली, २६ टक्के यकृताने साखर-पिष्टापासून स्वतः बनवलेली, आणि फक्त १५ टक्के थेट जेवणातल्या स्निग्धातून. एसीसीचा वाटा त्या २६मध्ये. तेल बंद करून गोड चहा आणि उपवासाची साबुदाणा खिचडी चालू असेल, तर यकृताला उपवास घडतच नाही. साबुदाण्याचं ग्लुकोज होतं, इन्सुलिन वर जातं. मायटोकॉन्ड्रियातला जादा अ‍ॅसेटिल को-ए पडदा ओलांडू शकत नाही, म्हणून सायट्रेट होऊन बाहेर येतो आणि तिथे पुन्हा सुटा होतो. तेच सायट्रेट एसीसीच्या सुट्या रेणूंना लांब साखळीत जुळवून जागं करतं. खरा उपवास असता तर ग्लुकागॉन आणि ऊर्जेची चणचण ओळखणारं एन्झाइम एएमपीके यांनी एसीसीवर फॉस्फेट बसवून त्याला थंड केलं असतं.

निशांत_जीवरसायन

मेधाताई, रस्ते वेगळे हे मान्य. पण माझा मुद्दा उलट पक्का झाला. अडसर काढा, २६ टक्के बनणं थांबवा आणि उरलेलं जाळा.

मेधा_का

तसं करून पाहिलंय, निशांत. एमके-४०७४ नावाचं औषध फक्त यकृतातला एसीसी रोखतं, एसीसी-१ आणि एसीसी-२ असा दोन्ही प्रकारचा. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांना ते एक महिना दिलं. यकृतातली चरबी सुमारे ३६ टक्क्यांनी घटली. इथवर तुझं बरोबर. पण रक्तातले ट्रायग्लिसराइड २०० टक्क्यांनी वाढले, म्हणजे तिप्पट झाले.

असं का? करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलातून लिनोलेइक आम्ल आपल्याला तयार मिळतं. पण त्याचं पुढे अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल व्हायचं तर साखळी दोन कार्बनांनी वाढवावी लागते आणि त्या वाढीलाही मॅलोनिल को-एच लागतो. एसीसी बंद म्हणजे ही लांब बहुअसंपृक्त आम्लंही आटली. एरवी ती एसआरईबीपी-१सी या नियंत्रकाला दाबून धरतात. दाब सुटला, तो सुटा झाला, ट्रायग्लिसराइड बांधणारं एन्झाइम वाढलं आणि यकृत ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे व्हीएलडीएल कण जास्त प्रमाणात रक्तात सोडू लागलं. मॅलोनिल को-ए फक्त विटा आणि अडसर नाही, तो आणखी एका बांधकामाचा कच्चा माल आहे. तुझ्या मांडणीत हा तिसरा धागा नव्हता.

प्रयोगशाळा_ठाणे

मी औषधनिर्मितीत आहे, ताईंशी अर्धाच सहमत. ट्रायग्लिसराइड चढण्याचं कारण वाटतं तितकं एकेरी नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असंही दिसलंय की यकृतात चरबी जाळणारी जनुकं चालवणाऱ्या पीपीएआर-अल्फाची क्रिया मंदावते आणि व्हीएलडीएल रक्तातून उचलण्याचं कामच ढिलं पडतं. मग दोष जास्त सोडण्यात की कमी उचलण्यात? माझ्या मते दोन्हींत, आणि प्रमाण अजून वादाचं आहे.

मुख्य म्हणजे हा परिणाम आवरता येतो. फर्सोकोस्टॅट या एसीसी-रोधकाने काही रुग्णांचे ट्रायग्लिसराइड ५००च्या वर गेले होते, पण सोबत फेनोफायब्रेट दिलं तेव्हा वाढ आटोक्यात राहिली. दुसऱ्या एका औषधाची, क्लेसाकोस्टॅटची, जोडी ट्रायग्लिसराइड बांधणारं डीजीएटी-२ हे एन्झाइम रोखणाऱ्या अर्व्होगॅस्टॅटशी लावली, तेव्हाही तेच दिसलं. म्हणून "गोळी नाही" यावरून "लक्ष्य चुकलं" असा निष्कर्ष मला मान्य नाही. एकट्याने द्यायचं औषध म्हणून ते चुकलं.

सुहास_पंढरपूर

दोन औषधं घेऊन एकाचं नुकसान दुसऱ्याने भरायचं, त्यापेक्षा एएमपीके जागं करणारं मेटफॉर्मिन बरं नाही का? तेही शेवटी एसीसीच थंड करतं ना?

मेधा_का

सुहास, हे तू अगदी मोक्याचं विचारलंस. उंदरांच्या एसीसी-१मधलं ७९वं आणि एसीसी-२मधलं २१२वं सेरीन बदलून टाकलं, म्हणजे एएमपीकेला फॉस्फेट बसवायला जागाच उरली नाही. त्या उंदरांना फॅटी लिव्हर झालं, इन्सुलिनला दाद मिळेना, आणि लठ्ठ केल्यावर मेटफॉर्मिनचाही गुण आला नाही. म्हणजे तुझा तर्क उंदरांत तरी बराचसा उतरतो. पण माणसाच्या यकृतातली चरबी मेटफॉर्मिनने म्हणावी तशी उतरत नाही, हेही तितकंच खरं. एसीसी थोडा मंद करणं आणि पुरता बंद करणं यांत मला मोठा फरक वाटतो. उंदरांच्या यकृतातून दोन्ही एसीसी जनुकं काढूनच टाकली, तर यकृतातली चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली आहे.

निशांत_जीवरसायन

एक शेवटचं. यकृत सोडून स्नायूतला एसीसी-२ रोखला तर? स्नायू मेदाम्लं फारशी बनवतच नाही, तिथे मॅलोनिल को-एचं काम केवळ अडसराचं. तिथे हा तिसरा धागा आड येणार नाही.

मेधा_का

स्नायूतला सीपीटी-१ मॅलोनिल को-एला यकृतातल्यापेक्षा कितीतरी जास्त दबतो, त्यामुळे कल्पना चांगली आहे. २००१मध्ये वाकील यांच्याच गटाने एसीसी-२ नसलेले उंदीर दाखवले होते. ते खायचे जास्त आणि वजनाला भरायचे कमी. पुढे २०१०मध्ये इतर दोन गटांनी असे उंदीर नव्याने बनवले, तर वजनात फरक पडला नाही. त्यातल्या एका गटाला स्नायूत चरबी जास्त जळताना दिसली, पण दिवसभराचा एकूण ऊर्जाखर्च तोच राहिला. चरबी जास्त जळली तेवढी साखर कमी जळली.

प्रयोगशाळा_ठाणे

पण ताई, ते उंदीर जन्मापासून एसीसी-२शिवाय वाढलेले होते, शरीराने जुळवून घेतलेलं असतं. प्रौढ, आधीच लठ्ठ झालेल्या प्राण्यात तो मध्येच रोखला तर काय होतं, हा प्रश्न वेगळा आहे. आणि तेव्हा वजनाकडे नव्हे, स्नायूच्या इन्सुलिन-प्रतिसादाकडे बघायला हवं.

मेधा_का

इन्सुलिन-प्रतिसादाचं मान्य. वजनाचं मला अजून पटत नाही.