[मंडळ-यादी] सांगली सोडताना अण्णांना लिहिलेलं पत्र

प्रेषक: मृदुला
विषय: सांगली सोडताना अण्णांना लिहिलेलं पत्र

सर्वांना नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही सिंगापूरला येतोय. सांगलीतली दहा वर्षं संपतायत. गावभागातले आमचे शेजारी अण्णा यांची लेक सुनीताताई या यादीवर आहेत. अण्णांना आता बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून ताईंनी हे फोनवर वाचून दाखवावं ही विनंती. समोर बसून एवढं बोलणं मला जमणार नाही. पत्र पुराबद्दल जास्त झालंय. ते तसंच ठेवू का, हेही सांगा.

तीर्थस्वरूप अण्णा आणि सौ. काकूंना मृदुलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णा, २०१५ ला आम्ही तुमच्याशेजारी तळमजल्यावर राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, "घरमालकाने उंबऱ्याचा आकडा सांगितला का?" आम्हाला काहीच कळलं नाही. मग तुम्ही सांगितलंत की आयर्विन पुलावर पाणी पन्नास फुटांना गेलं की आपल्या उंबऱ्याला लागतं. रेडिओवर पंचेचाळीस ही धोक्याची पातळी सांगतात, पण ती नदीची. आपला धोका पन्नासला सुरू होतो, आणि सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसाचा त्याच्या कितीतरी आधी. जिन्याच्या भिंतीवर तुम्ही २००५ च्या पाण्याची रेघ मारून ठेवली होती. पुलावर ५३.९ फूट, म्हणून आपल्या घरात चार फुटांना थोडं कमी. हिशेब बरोबर जुळत होता.

२०१९ च्या नागपंचमीच्या सुमाराला पाणी चढायला लागलं, तेव्हा ह्यांनी सगळं सामान त्या रेघेच्या वर नेलं. टेबलावर टेबल, त्यावर ट्रंक. कागदपत्रं आणि धान्य माळ्यावर. सगळी गल्ली हेच करत होती. तुम्ही दारात उभं राहून बघितलंत आणि म्हणालात, "ती रेघ गेल्या पुराची आहे, ह्या पुराची नाही. माळ्यावरचं खाली काढा आणि माझ्याकडे वर आणा." तुम्ही तासातासाला पुलाचा आकडा वहीत लिहीत होता. पन्नासच्या जवळ येऊनही चढायचा वेग कमी होत नव्हता, कोयनेचा विसर्ग वाढतच होता, आणि वारणेकाठच्या तुमच्या पाहुण्यांचे फोन येत होते की तिकडेही पाणी शिवारात घुसलंय. एवढ्यावरून तुम्ही ओळखलंत.

तुमची दोन्ही मुलं आणि तुम्ही आमचं सामान जिन्याने वर वाहत होता. तुमच्या स्वतःच्या तळघरातली बाइंडिंगची यंत्रं तशीच पडून होती. ती मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. ती बुडली, अण्णा. आमची ट्रंक वाचली.

पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. आमचा माळा सात फुटांवर, म्हणजे तोसुद्धा पाण्याखाली. तोवर आम्ही सगळे विश्रामबागेत तुमच्या बहिणीकडे होतो. त्यांनी आमच्या पोरांना स्वतःच्या नातवंडांच्या पंक्तीला बसवलं, आणि किती दिवस राहणार हे एकदाही विचारलं नाही.

पाणी उतरायला लागलं तेव्हा लोक म्हणत होते, पूर्ण गेलं की जाऊ. तुम्ही ह्यांना घेऊन घरात गुडघाभर पाणी असतानाच आलात. आधी बाहेरच्या खांबावरून वीज तोडलीय याची खात्री केलीत, हातात काठी घेऊन आत शिरलात, आणि त्याच पाण्यात खराट्याने गाळ ढवळून दाराबाहेर लोटायला लागलात. पाणी उतरत गेलं तसा गाळही त्याच्याबरोबर गेला. ज्यांनी वाट बघितली त्यांच्या घरात तो फरशीला धरून बसला. नंतर त्यांना तो फावड्याने खरवडावा लागला, तोही टँकरचं पाणी मिळेल तेव्हा. आमच्या घरात गणपती बसले ते तुमच्यामुळे.

आणि सासूबाईंचे फोटो. लाकडी कपाटाची दारं फुगून अडकली होती. ती फोडल्यावर आतला अल्बम म्हणजे चिकटलेला ओला गठ्ठा निघाला. मी तो उन्हात ठेवायला निघाले तर तुम्ही हातातून काढून घेतलात. "वाळला की गेला," एवढंच बोललात. बादलीत स्वच्छ पाणी घेतलंत, पिण्याचं टँकरचं पाणी, जे रांगेत उभं राहून आणलं होतं. त्यात गठ्ठा बुडवलात, पाणी बदललंत, आणि प्रेसमध्ये चाळीस वर्षं कागद हाताळलेल्या बोटांनी एकेक फोटो सोडवून सावलीत दोरीवर चिमट्यांना लावलात. सासरे ज्या एकाच फोटोत हसताना दिसतात, तो त्यात होता. सासूबाई गेल्या तेव्हा तोच फोटो उशाशी होता.

२०२१ ला पुन्हा कमरेच्या वर पाणी आलं. तेव्हा आमचं सामान आदल्या रात्रीच तुमच्याकडे वर होतं, आणि काकूंनी कोणी न सांगता आमच्या ट्रंकेची जागा रिकामी करून ठेवली होती.

पैशाचा विषय तुम्ही प्रत्येक वेळी उडवून लावलात, म्हणून तो काढत नाही. दहा वर्षांत माझ्या मुलांनी आजोबा म्हटलं ते तुम्हालाच.

आपली,
मृदुला

---

प्रेषक: विनायक

मृदुलावहिनी, पत्र वाचून गलबलून आलं. पण निरोपाच्या पत्रात एवढा पूर नको असं मला वाटतं. अण्णांनी यंत्रं गमावली, ती आठवण पुन्हा कशाला? आणि खरं सांगायचं तर तो पूर अलमट्टीने आणला. कर्नाटकाने पाणी अडवलं आणि फुगवटा सांगलीपर्यंत आला. आकडे लिहून माणूस काय करणार?

---

प्रेषक: श्रीकांत (मुलाकडे मुक्कामी)

विनायक, मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आहे, म्हणून थोडं लिहितो. फुगवट्याची शंका रास्त आहे. सांगलीत ती अजूनही घरोघरी ऐकू येते. पण शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात २०१९ चा पूर अलमट्टीमुळे आला नाही असा निष्कर्ष काढला. तो अनेकांना मान्य नाही, आणि अलमट्टीची उंची वाढवण्याचा वाद तर चालूच आहे. त्यामुळे माझ्या शब्दाने हा प्रश्न मिटेल असं मी म्हणत नाही.

मात्र अण्णांनी जे पाहिलं ते नेमकं होतं. वारणा कृष्णेला मिळते ती हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला. वारणा तुडुंब भरून आली की कृष्णेचं पाणी पुढे सरकायला जागा उरत नाही. म्हणून फक्त कोयनेचा विसर्ग बघणारा फसतो. वारणाकाठचा फोन घेणारा माणूस अर्धा दिवस पुढे असतो. २००५ ची रेघ पाहून सामान तिच्या जेमतेम वर ठेवणाऱ्यांचं २०१९ ला सर्वात जास्त नुकसान झालं, हे मी स्वतः पंचनाम्यांच्या वेळी पाहिलं.

एक भर. उंबऱ्याचा आकडा कायमचा नसतो. रस्ता उंच झाला, गटार बुजलं, शेजारी भराव पडला की पाणी वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या वेळी येतं. अण्णांनी २०२१ नंतर तो पुन्हा पडताळला असेल अशी माझी खात्री आहे. सुनीता, विचारशील का?

---

प्रेषक: शैला, मूळ कराड

माझाही प्रश्न आहे, पत्राबद्दल नाही. आमच्या आईच्या घरी २००५ ला भिजलेले फोटो तसेच वाळले आणि आज एकमेकांना विटेसारखे चिकटले आहेत. मृदुला, तुझ्या अण्णांची बादली आता चालेल का? आणि सिंगापूरला सामान पाठवायला कोण चांगलं आहे ते मला विचार, मी पत्ता देते.

---

प्रेषक: सुनीता

शैलाताई, बाबांना विचारलं. ते म्हणाले, वीस वर्षं वाळलेल्याची हमी कोणी देऊ नये. आधी वरच्या फोटोचा आहे तसा फोटो काढून ठेवा. मग नकोसा वाटणारा एक कोपरा गार स्वच्छ पाण्यात भिजवून बघा. पंधरावीस मिनिटांत कडा आपणहून उचलली तर पुढे जा. रंग पाण्यात उतरायला लागला तर थांबा. नख किंवा सुरी लावू नका. मागे साध्या कागदाला चिकटले असतील तर शक्यता बरी, पण तोंडाला तोंड चिकटले असतील तर बहुधा चेहरेच निघून येतात.

श्रीकांतकाका, तुमचं बरोबर आहे. गल्लीचा रस्ता काँक्रीटचा झाल्यावर उंच झाला. २०२१ ला पाणी रस्त्यावरून नाही, मागच्या गटारातून मोरीत आधी आलं, तेही पुलावर एकोणपन्नास असताना. बाबांनी वहीत तो आकडा वेगळा लिहून ठेवला आहे.

मृदुला, विनायकदादांना वाटतं तसं नाही. पत्र मी काल रात्री वाचून दाखवलं. यंत्रांच्या ओळीवर बाबांनी मला थांबवलं आणि ती पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "कोणीतरी लिहिलं." आमच्यापैकी कोणीच त्या यंत्रांबद्दल त्यांच्यापाशी कधी बोललो नव्हतो, त्यांना त्रास होईल म्हणून. एक ओळही काढू नकोस.

आईने विचारलंय की ट्रंक नेणार आहेस की ठेवून जाणार आहेस.

---

प्रेषक: मृदुला

सुनीताताई, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. पत्र आहे तसंच राहील.

ट्रंक काकूंकडे ठेवतेय, रिकामी. आमच्या जागी मिरजेचं एक जोडपं येतंय, लहान बाळ आहे. घरमालकाने त्यांना पुराचं काही सांगितलेलं नाही, हे मी विचारून खात्री केली. रविवारी किल्ली द्यायला जाईन तेव्हा त्यांना आधी अण्णांकडे वर नेणार आहे. उंबऱ्याचे पन्नास आणि मोरीचे एकोणपन्नास हे दोन्ही आकडे मीटरच्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून घेते. श्रीकांतकाका, शेजारी "२०२१ नंतर पडताळलेले" असंही लिहू ना?