‘प्रोग्नोसिस गार्डेड’ लिहिलंय, म्हणजे मामा धोक्याबाहेर ना?

अनघा, इंदूर
शब्दाचाच प्रश्न आहे, पण जरा घाईचा आहे. माझ्या मामांना काल सकाळी ब्रेन हॅमरेज झालं. वय ६७. बीपीची गोळी महिनाभर घेतलीच नव्हती, हे आम्हाला काल कळलं. अंघोळ करून आले, हातातला टॉवेल खाली पडला, उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही बंद. आत्ता आयसीयूत आहेत.

काल संध्याकाळी मामेभावाची फाइलवर सही घेतली. त्यात वर डायग्नोसिस लिहिलंय आणि खाली शेवटी ‘प्रोग्नोसिस गार्डेड’. त्याने मामीला सांगितलं, गार्डेड म्हणजे गार्ड ठेवलाय, म्हणजे सुरक्षित. मामीने देवापुढे साखर ठेवली. शिवाय नर्स म्हणाल्या ‘निदान हो गया है’, तर मामी म्हणते, निदान झालं म्हणजे सुटलंच की आता. आमच्याकडे हिंदी पेपरात रोज ‘समस्या का निदान’ असतं, म्हणजे समस्या सुटली. त्यामुळे तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. पण सगळं ठीक असेल तर सही कशाला घेतली? या दोन शब्दांत नक्की फरक काय, आणि मामीला काय सांगू?

निखिल
ताई, दुसऱ्या हॉस्पिटलचं मत घ्या. माझ्या ओळखीचे न्यूरोसर्जन आहेत, नंबर पाठवू का?

अनघा, इंदूर
निखिल, मनापासून आभार. गरज लागली तर नक्की विचारेन. आत्ता मला त्या ओळीचा अर्थ हवाय.

डॉ. वसुधा, ग्वाल्हेर
अनघा, मी फिजिशियन होते, आता निवृत्त आहे. मामेभावाचा अर्थ बरोबर नाही, आणि हे आजच घरात कळलेलं बरं.

‘गार्डेड’ हे विशेषण मामांच्या प्रकृतीचं नाही, डॉक्टरांच्या बोलण्याचं आहे. गार्डेड म्हणजे सावध. डॉक्टर म्हणताहेत, पुढचं मी सावधपणे बोलतोय, बरे होतील असा शब्द देत नाही आणि आशा सोडा असंही म्हणत नाही. सही घेतली ती याचसाठी, की हे तुम्हाला सांगितलं होतं याची नोंद राहावी.

आता डायग्नोसिस आणि प्रोग्नोसिस. आत्ता काय झालंय याचं उत्तर डायग्नोसिस देतं. यातून पुढे काय होण्याचा संभव आहे, याचं उत्तर प्रोग्नोसिस देतं. दोन्ही शब्द ग्रीक आहेत आणि दोन्हींत ‘ग्नोसिस’ म्हणजे जाणणं आहे. एकात वेगळं काढून ओळखणं, दुसऱ्यात आधी जाणणं. पहिलं अगदी पक्कं असूनही दुसरं कच्चं असू शकतं. मामांच्या बाबतीत तसंच झालंय. सीटी स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, बघणाऱ्याला पाच मिनिटांत कळतं की हा रक्तस्राव आहे. पण तो रक्तस्राव आज रात्री वाढणार की थांबणार, हे त्या चित्रात लिहिलेलं नसतं.

रिपोर्टमध्ये साचलेल्या रक्ताच्या गाठीची मापं आणि शुद्धीचा आकडा असेल तर लिही.

शरद, वडोदरा
मी ३४ वर्षं मराठी शिकवलं, म्हणून भाषेपुरतं सांगतो. डायग्नोसिसला निदान हा शब्द संस्कृतातला आहे आणि त्याचा अर्थ रोग ओळखणे, एवढाच. हिंदीवाल्यांनी त्याला उपाय करून टाकलं. प्रोग्नोसिसला सरळ ‘भाकीत’ म्हणा, मामींना लगेच कळेल.

वैद्य मुग्धा
शरदकाका, अर्धं पटलं. पण संस्कृतात निदान म्हणजे रोग ओळखणं एवढंच नाही. आयुर्वेदात निदान म्हणजे मुळात रोगाचं कारण. म्हणूनच ‘निदान-परिवर्जन’ म्हणतात, म्हणजे ज्या कारणाने रोग झाला ते आधी टाळा. बाकी मराठीत ‘निदान फोन तरी कर’ हा ‘किमान’ अर्थाचा निदान वेगळाच. एकाच शब्दावर इतकं ओझं असताना मामींचा गोंधळ झाला यात नवल नाही.

आणि प्रोग्नोसिसला आपल्याकडे जुना नेमका शब्द आहे: साध्यासाध्यता. रोग सहज बरा होणारा, कष्टाने बरा होणारा, ‘याप्य’ किंवा असाध्य. याप्य म्हणजे पूर्ण जात नाही, पण उपचार चालू असेपर्यंत माणूस उभा राहतो. सुश्रुताने उपमा दिली आहे ती पडू घातलेल्या घराला लावलेल्या टेकूची.

शरद, वडोदरा
मुग्धाताई, कारणाचा अर्थ माझ्याकडून राहिला, मान्य. पण आयसीयूच्या दाराशी ‘साध्यासाध्यता’ म्हटलं तर मामींच्या कानावर ‘असाध्य’ एवढंच पडेल.

डॉ. वसुधा, ग्वाल्हेर
हे मात्र खरं. आणि काका, भाकीतही नको. भाकीत एका माणसाचं असतं आणि ते खरं किंवा खोटं ठरतं. प्रोग्नोसिस हा अशाच अनेक रुग्णांचं पुढे काय झालं यावरून बांधलेला अंदाज असतो.

अनघा, इंदूर
रिपोर्ट मिळाला. मेंदूच्या डाव्या भागात खोलवर गाठ, ४ × ३ × ४ सेंटिमीटर. थोडं रक्त आतल्या पोकळीत उतरलंय. शुद्धीचा स्कोअर १५ पैकी १०.

डॉ. वसुधा, ग्वाल्हेर
बरं. आता डॉक्टर सावध का बोलताहेत ते याच आकड्यांवरून दाखवते.

तिन्ही मापं गुणून निम्मी केली की गाठीतलं रक्त अंदाजे किती ते कळतं. ४ गुणिले ३ गुणिले ४ म्हणजे ४८, निम्मे २४ मिली. साधारण पाच चमचे. या आजारासाठी २००१ साली अमेरिकेत एक सोपी गुणपद्धत प्रसिद्ध झाली, ती अजून वापरात आहे. रक्त ३० मिली किंवा जास्त असेल तर एक गुण. मामांचं कमी आहे, गुण नाही. वय ८० किंवा पुढे असेल तर एक, तोही नाही. गाठ मेंदूच्या खालच्या मागच्या भागात असती तर एक, तीही तिथे नाही. पण रक्त पोकळीत उतरलंय, त्याचा एक. शुद्धी १३ च्या खाली आहे, त्याचा एक. ती ५ च्या खाली असती तर दोन झाले असते. एकूण दोन. इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका.

ज्या १५२ रुग्णांवरून ही पद्धत बांधली, त्यांत दोन गुणांच्या गटातले सुमारे २६ टक्के ३० दिवसांत गेले. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन वाचले. हा त्या गटाचा हिशेब आहे, मामांचा नाही. मामा २६ टक्के जाणार नाहीत, ते एकतर वाचतील किंवा नाही. यातली आणखी एक गोष्ट मला नेहमी सलते. अशा अभ्यासांत काही रुग्णांचे उपचार ‘आता उपयोग नाही’ म्हणून लवकर आवरते घेतलेले असतात. ते रुग्ण जातात, आणि त्यांच्या जाण्याने आकडा आणखी वाईट दिसतो. म्हणूनच पहिल्या दिवसाच्या अंदाजावर उपचार कमी करण्याचा निर्णय घेऊ नये, किमान दुसरा पूर्ण दिवस जाऊ द्यावा, असं अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही सांगतात. तुमच्याकडे कुणी घाई केली तर हे विचारा.

मामींना आकडा सांगू नकोस. एवढंच सांग: “मामी, आजार कोणता ते डॉक्टरांना कळलंय. तो पुढे कुठे जाईल ते अजून कळलेलं नाही. दुसरा स्कॅन झाला की थोडं जास्त कळेल.”

मेघना
डॉक्टर, मी वेगळं सांगते. माझ्या सासूबाईंच्या वेळी उलटं झालं होतं. ताप आला, प्लेटलेट खाली, डेंग्यू की आणखी काही, तीन दिवस कुणाला सांगता येईना. पण डॉक्टर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, या बऱ्या होतील. आणि झाल्या. म्हणजे डायग्नोसिस कच्चं आणि प्रोग्नोसिस चांगलं, असंही असतं ना?

पण आकडा लपवायचं मला पटत नाही. सासऱ्यांच्या कॅन्सरच्या वेळी घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त सासूबाईंना नव्हतं. त्या आजही म्हणतात, मला सांगितलं असतं तर मी त्यांच्याजवळ जास्त बसले असते.

डॉ. वसुधा, ग्वाल्हेर
मेघना, असतं तर. आणि तुझं दुसरं म्हणणंही मी खोडणार नाही. कॅन्सरमध्ये हाताशी महिने होते. इथे दर सहा तासांनी चित्र बदलतंय, म्हणून मी आकडा टाळला. मामींनी स्वतः विचारलं तर मात्र खोटं सांगू नये.

अनघा, उद्या राउंडच्या वेळी नुसतं ‘प्रोग्नोसिस काय’ असं विचारू नकोस. कशाचं आणि किती दिवसांचं, ते विचार. जीव वाचण्याचं वेगळं, चालण्याचं वेगळं आणि बोलण्याचं वेगळं. गाठ डावीकडे आहे, म्हणून बोलण्याचं मुद्दाम विचार.

प्रकाश
आमच्याकडे बोर्डावर ‘क्रिटिकल बट स्टेबल’ लिहिलं होतं. तेही प्रोग्नोसिसच का?

डॉ. वसुधा, ग्वाल्हेर
नाही, ती आत्ताची स्थिती. गंभीर आहे, पण गेल्या काही तासांत बीपी, नाडी, श्वास बिघडले नाहीत, एवढंच. उद्याचं त्यात काही नाही.

शरद, वडोदरा
मग ‘पुढचा अंदाज’ चालेल? निदान म्हणजे आजार ओळखला, आणि मग पुढचा अंदाज.

वैद्य मुग्धा
घरात बोलायला चालेल. फाइलवर लिहायला मी अजूनही साध्यासाध्यताच म्हणेन.

अनघा, इंदूर
काल रात्री मामीला बाहेरच्या बाकावर बसवून तुमची तीन वाक्यं जशीच्या तशी सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे साखर ठेवायची घाई झाली.” मेघनाताई, तिने आकडा विचारला नाही. विचारला असता तर सांगायचं ठरवून गेले होते. मामेभावाला वाईट वाटलं, त्याची समजूत मामीनेच काढली.

आज दुपारी दुसरा स्कॅन झाला. गाठ तेवढीच आहे, शुद्धी १० वरून ११. राउंडला मी तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या. जिवाबद्दल डॉक्टर म्हणाले, कालपेक्षा बरं वाटतंय, पण न्यूमोनियाची भीती आहे. चालण्याबद्दल म्हणाले, फिजिओथेरपी सुरू झाली की तीन महिन्यांनी विचारा. बोलण्याबद्दल, आत्ता काहीच सांगता येत नाही. फाइलवर आजही ‘गार्डेड’च लिहिलंय. आज सही मामीने केली. करण्याआधी त्या शब्दावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारलं, “हे तुम्ही सावध आहात असंच ना?” ते हो म्हणाले.