मदत हवी आहे: माळ्यावर इन्सुलेशन दुप्पट केलं, तरी वरच्या खोल्या गारच. ब्लोअर डोअरचा अहवाल कसा वाचायचा?

उंबरठा
नमस्कार मंडळी. आमचं घर दुमजली आहे, उतरत्या छपराचं. छपराखाली माळा आहे, तो वापरात नाही. माळ्याच्या तळावर १५ सेंटिमीटर ग्लास वूल आधीपासून होतं. हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्यावर आणखी १५ सेंटिमीटरचा थर घालून घेतला. माळा साधारण ८० चौरस मीटरचा आहे.

थंडी सुरू झाल्यावर काही फरकच जाणवेना. वरच्या खोल्या गार, खाली दाराच्या फटीतून वारा येतो तो येतोच, आणि हीटर जवळजवळ पूर्वीइतकाच चालतो. नवा थर घालण्याआधी ब्लोअर डोअर चाचणी केली होती, आता पुन्हा केली. घराचं घनफळ ४०० घनमीटर. ५० पास्कल दाबाला गळती आधी ताशी ३,३०० घनमीटर होती, आता ३,२०० आहे. अहवालात "ताशी ८ हवाबदल" आणि "घातांक ०.५८" असं लिहिलं आहे.

काम करणारे म्हणतात की एवढ्या जाड थरातून हवा जाणं शक्यच नाही, तेव्हा मशीनचं मोजमाप चुकलं असणार. खरंच तसं असेल का? आणखी एक थर घालावा, की दुसरं काही बघावं?

निवांत
आमच्या ऑफिसच्या दारावर असा ब्लोअर आहे. दार उघडलं की वरून हवेचा झोत येतो आणि बाहेरची हवा आत येत नाही. त्याचा वेग वाढवून बघितलात का?

उंबरठा
निवांत, तुम्ही म्हणता तो एअर कर्टन, तो कायमचा बसवलेला असतो. ही चाचणी आहे. बाहेरच्या दाराच्या चौकटीत कापडाचा पडदा ताणून बसवतात, त्यात मोठा पंखा असतो. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, त्यामुळे घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी होतो. तो दाब टिकवायला पंख्याला जेवढी हवा ओढावी लागते, तेवढीच फटींमधून आत येत असते. चाचणी झाली की सगळं काढून नेतात.

विटेकरी
मशीनला दोष देऊ नका, हवा लोकरीतूनच जाते आहे. छपराच्या कडेला, जिथे वाशे भिंतीवर टेकतात, तिथून वारा शिरून थेट लोकरीत घुसतो आणि तिच्यातली ऊब काढून नेतो. मी अशा बऱ्याच माळ्यांवर काम केलंय. सगळ्या लोकरीवर जाड प्लास्टिक अंथरा, कडा चिकटपट्टीने बंद करा. वारा थांबला की खोल्या उबदार होतील.

दाबमापक
विटेकरी, कडेच्या वाऱ्याचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. तिथे उभी फळी लावून वारा लोकरीच्या वरून छपराकडे वळवायलाच हवा. पण प्लास्टिक अजिबात नको. हिवाळ्यात लोकरीचा वरचा भाग गार असतो. खालून फटींतून वर येणारी दमट हवा त्या प्लास्टिकला लागली की तिथेच पाणी धरेल, आणि लोकर, लाकूड दोन्ही भिजतील. हवा अडवायची ती उबदार बाजूला, म्हणजे खोलीच्या छताच्या पातळीवर.

उंबरठा, मोजमाप चुकलेलं नाही. ग्लास वूल उष्णता अडवतं ते धाग्यांमध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेमुळे. फटीतून येणारी हवा त्याच धाग्यांतून वाट काढते. म्हणून तुम्ही थर दुप्पट केलात तरी ३,३०० चे ३,२०० झाले. एवढा फरक तर वाऱ्यामुळे दोन चाचण्यांमध्येसुद्धा पडू शकतो.

आता थोडा हिशोब करू. आत-बाहेर २० अंशांचा फरक धरा. १५ सेंटिमीटर लोकरीतून दर चौरस मीटरला दर अंशामागे सुमारे ०.२५ वॅट जातात. ८० चौरस मीटरचे झाले ४०० वॅट. थर दुप्पट केल्यावर २०० वॅट. म्हणजे काम अगदी कागदावरच्यासारखं उतरलं असतं तरी तुमचे फक्त २०० वॅट वाचले असते.

गळतीचं बघा. रोजच्या वापरात घरावर ५० पास्कल नसतात, दोन-चार असतात. ढोबळ नियम असा की ५० पास्कलच्या हवाबदलाला २० ने भागायचं. ८ भागिले २० म्हणजे ताशी ०.४ हवाबदल, म्हणजे १६० घनमीटर गार हवा. एक घनमीटर हवा एक अंश तापवायला सुमारे ०.३३ वॅट-तास लागतात. १६० × ०.३३ × २० केलं की १,०५० वॅटच्या आसपास येतं. तुम्ही ४०० वॅटच्या वाटेवर खर्च केलात, आणि शेजारची हजार वॅटची वाट उघडीच राहिली.

शिवाय ते २०० वॅटसुद्धा पूर्ण वाचलेले नसणार. जिथे लोकरीतून हवा वाहते, तिथे लोकरीची जाडी किती याला फारसा अर्थ उरत नाही.

सागरलाट
आमच्याकडे उलटी गोष्ट आहे. हवामान उष्ण आणि दमट, एसी दिवसभर चालतो. खिडक्यांना नव्या रबर पट्ट्या लावल्या, पण बिल तसंच आणि कपाटामागच्या भिंतीला बुरशी. हाच प्रकार असेल का?

दाबमापक
असू शकतो, पण दिशा उलटी. तुमच्याकडे बाहेरची दमट हवा आत शिरते आणि गार पृष्ठभागावर पाणी सोडते. ती हवा कोरडी करण्यात एसीची बरीच ताकद जाते. खिडक्या डोळ्यांना दिसतात म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. विजेच्या पेट्या, पाइप भिंतीत शिरतात ती भोकं आणि फॉल्स सीलिंगच्या वरचा भाग बघा. तपशील वेगळे आहेत, वेगळा धागा काढलात तर तिथे बोलू.

उंबरठा
हिशोब पटला. पण फटी नेमक्या कुठे आहेत हे कसं शोधायचं? ३,२०० हा तर अख्ख्या घराचा आकडा आहे.

दाबमापक
तुमच्या अहवालातला घातांक थोडा इशारा देतो. तो ०.५ कडे झुकला की गळती मोठ्या भोकांतून, १ कडे झुकला की बारीक, लांब फटींतून. बहुतेक घरं ०.६५ च्या आसपास असतात. तुमचा ०.५८ आहे, म्हणजे कुठेतरी हात घालता येईल एवढी भोकं असण्याची शक्यता जास्त. एवढ्यावरून खात्री मात्र देता येत नाही.

पुढच्या वेळी पंखा लावला की घर ५० पास्कलवर स्थिर ठेवा आणि घर व माळा यांच्यातला दाबाचा फरक मोजायला सांगा. छपराला वायुवीजनाची भोकं असतातच. छत घट्ट असेल तर माळा बाहेरच्या हवेशीच जोडलेला राहतो आणि फरक ५० च्या जवळ येतो. २५ आला तर छतातल्या फटी आणि छपरातली भोकं सारखीच मोठी आहेत.

मग थंडीच्या दिवशी, पंखा चालू असताना माळ्यावर जा. नवा थर बाजूला करून जुन्या लोकरीचा खालचा भाग बघा. जिथे ती काळवंडली आहे, तिथून वर्षानुवर्षं हवा गेली आहे. गाळणीत चोथा राहावा तशी लोकरीत धूळ राहते. माळ्याची झडप, न्हाणीघराचे पाइप वर येतात ती पोकळी, धुराड्याभोवतीची जागा आणि आतल्या भिंतींचे माथे, ही नेहमीची ठिकाणं.

एक महत्त्वाचं: घरात खोलीतली हवा घेऊन जळणारं कोणतंही उपकरण असेल तर चाचणीआधी ते बंद आणि थंड हवं. नाहीतर पंखा धूर उलटा घरात ओढतो.

रिकामी_खोली
२० ने भागण्याचा नियम मला पटत नाही. वाऱ्यात उघडं उभं असलेलं घर आणि झाडांच्या आडोशाचं घर यांना एकच भागक कसा? शिवाय गळती वर-खाली वाटलेली आहे की भिंतीच्या मध्यावर, यानेही खूप फरक पडतो.

दाबमापक
आक्षेप रास्त आहे. गरम हवा वर चढते, म्हणून हिवाळ्यात घराच्या माथ्यावर हवा बाहेर ढकलली जाते आणि तळाशी आत ओढली जाते. मध्यावर कुठेतरी दाब शून्य असतो, तिथली फट फारशी गळत नाही. उंबरठा यांना दाराच्या फटीत वारा लागतो तो माळ्यातून गेलेल्या हवेची जागा भरणारा असावा. त्यामुळे छताच्या फटी माझ्या हिशोबापेक्षाही महाग पडत असतील. १,०५० हा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही.

उंबरठा
काम करून आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा घर-माळा फरक मोजला: ३८ पास्कल. म्हणजे माळा आणि बाहेर यांच्यात फक्त १२ उरले. माळ्यावर गेल्यावर न्हाणीघराच्या पाइपांची पोकळी सापडली. वरून लोकर टाकून झाकलेली, खाली थेट तळमजल्यापर्यंत उघडी. तिथली लोकर कोळशासारखी काळी होती. धुराड्याभोवतीही हाताएवढी जागा मोकळी होती आणि झडपेला पट्टीच नव्हती.

पोकळीवर कापलेली फळी बसवून कडा फोमने भरल्या. धुराड्याभोवती फोम चालत नाही, म्हणून पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट वापरलं, आणि लोकर धुराड्यापासून लांब ठेवली. झडपेला रबर पट्टी आणि दाबून बसणारी कडी लावली.

पुन्हा चाचणी: २,३०० घनमीटर, म्हणजे ताशी ५.७५ हवाबदल. घर-माळा फरक ४७.

दाबमापक
छान काम झालं. ३८ वरून ४७ म्हणजे छतातल्या फटी अंदाजे एक तृतीयांशावर आल्या. त्याच ढोबळ नियमाने ९०० घनमीटरचे साधारण ३०० वॅट होतात. शिवाय वरची लोकर आता तरी तिचं काम करेल.

विटेकरी
कडेच्या फळ्या विसरू नका. आणि प्लास्टिकचं म्हणाल तर मी बऱ्याच ठिकाणी घातलंय, तक्रार कुणी केली नाही.

दाबमापक
एखाद्या थंडीत पहाटे त्यातल्या एका माळ्यावर जाऊन प्लास्टिकच्या खालून हात फिरवून बघा, एवढीच विनंती.

उंबरठा
फळ्या पुढच्या आठवड्यात लागतील. एक शंका मात्र उरली आहे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जोरदार आहे आणि खालच्या खोलीत लाकडावर चालणारी शेगडी आहे, धुराड्याची. घर घट्ट झाल्यावर एक्झॉस्ट लावला तर धूर उलटा येईल का? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आहे.

रिकामी_खोली
अलार्म राहू द्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. शेगडी थंड असताना दारं-खिडक्या लावा, घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे एकदम चालू करा आणि शेगडीचं दार किंचित उघडून तिथे उदबत्ती धरा. धूर खोलीकडे वळला तर शेगडीला बाहेरून स्वतंत्र हवा द्यावी लागेल. वळला नाही तरी शेगडी बसवणाऱ्या जाणकाराकडून दाब मोजून घ्या, आणि तोवर शेगडी पेटलेली असताना एक्झॉस्ट लावू नका.

उंबरठा
उद्या सकाळी करून बघतो आणि इथेच कळवतो.