उजवी भिंत धरूनही गोल फिरतोय?

> डीएफएसने मेझ बनतो, पण उजवी भिंत धरून चालणारा तिथेच घिरट्या घालतो. असं का?

आधी पाडलेल्या भिंती मोजा. १०×१० मध्ये १०० खोल्या, म्हणजे बरोबर ९९ भिंती पडायला हव्यात. १०० पडल्या तर कुठेतरी वळसा तयार झालाच. मग मधली भिंत बाहेरच्या भिंतीपासून सुटून बेट बनते आणि चालणारा तिलाच प्रदक्षिणा घालत बसतो.

बहुतेकदा घोळ स्टॅकमध्ये असतो. एकच खोली दोन शेजाऱ्यांकडून पुश होते, म्हणून पॉप झाल्यावर, भिंत पाडायच्या आधी, पुन्हा तपासा:

```
if visited[cell]: continue
```

९९ बरोबर येत असतील, तर वळण्याचा क्रम बघा. उजवीकडे, सरळ, डावीकडे, मागे, हे सगळं चालणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने, नकाशाच्या नव्हे. १९८ पावलांच्या आत तो पोचतोच.