सिम माझ्याच खिशात, मग एसएमएसचा कोड असुरक्षित कसा?

खिडकीतला: ईमेल आणि बँक, दोन्हींना एसएमएसने कोड येतो. भाऊ म्हणतो, ऑथेंटिकेटर ॲप लाव. फोन माझा, सिम माझं, फोनला कुलूप. मग मधल्यामध्ये कोड कोण पळवणार? मला तरी हा उगाच केलेला बाऊ वाटतो.

तारायंत्र: चोराला तुमच्या फोनला हात लावायची गरजच नसते. तुम्ही परदेशात उतरता तेव्हा तिथलं नेटवर्क तुमच्या कंपनीला कळवतं, 'हा ग्राहक आता माझ्याकडे आहे.' कंपनी आपल्या नोंदवहीत तसं लिहून घेते आणि पुढचे एसएमएस तिकडे पाठवते. हा निरोप एसएस७ नावाच्या जुन्या व्यवस्थेतून जातो. ती आखली तेव्हा मोजक्याच टेलिफोन कंपन्या एकमेकींना ओळखत होत्या, त्यामुळे 'तू खरंच तोच का?' हे विचारायची सोयच तिच्यात नाही. आज कुठल्यातरी लहानशा ऑपरेटरमार्फत आत शिरलेला माणूसही तोच निरोप पाठवू शकतो. तुम्ही घरी झोपलेले असता आणि नोंदवहीत मात्र परदेशात पोचलेले असता.

साखरझोप: हे संशोधकांच्या परिषदेत दाखवायचे खेळ. खऱ्या आयुष्यात कुणाचे पैसे गेलेत का असे?

तारायंत्र: गेलेत. जर्मनीत, जानेवारी २०१७ मध्ये. चोरांनी आधी फसव्या ईमेलने लोकांचे खाते क्रमांक, पासवर्ड आणि मोबाइल नंबर मिळवले. पण पैसे हलवायला एसएमएसने येणारा कोड लागायचा. मग एका परदेशी ऑपरेटरच्या नेटवर्कमधून त्यांनी त्या नंबरांचे एसएमएस स्वतःकडे वळवले आणि पैसे काढले. ओटू-टेलिफोनिका कंपनीने मे महिन्यात हे जाहीरपणे मान्य केलं. म्हणजे २०१४ च्या डिसेंबरात हॅम्बुर्गच्या परिषदेत या त्रुटी दाखवल्या, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. खेळ म्हणा हवं तर.

मधुमालती: माझ्या बाबतीत हेच झालं! दुपारी अचानक फोनची रेंज गेली ती गेलीच. संध्याकाळी कळलं, कुणीतरी माझ्या नावाने दुसरं सिम काढलं होतं. तोवर ईमेलचा पासवर्ड बदललेला.

तारायंत्र: वाईट झालं, पण हा वेगळा प्रकार. तिथे नेटवर्क नाही, दुकानातला माणूस फसला. तुमची रेंज गेली, म्हणून निदान संशय तरी आला. एसएस७ मध्ये बऱ्याचदा रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, फक्त एसएमएस येत नाहीत. फोन बंद करून चालू केला की तो नेटवर्कवर नव्याने नोंदतो आणि वाट पुन्हा सरळ होते. पण हे मध्यरात्री कोण करतंय? ॲप लावलेलं असेल तर दोन्ही प्रकारांत चोराच्या हाती कोड लागत नाही.

साखरझोप: आता फोरजी-फाइव्हजी आलंय, एसएस७ संपलं. आणि ॲपचा कोडही इंटरनेटवरूनच येतो ना? मग तोही पळवता येईल.

तारायंत्र: नवी नेटवर्क्स बरी आहेत, हे अर्धं खरं. पण कंपन्या एकमेकींशी बोलताना जुनी व्यवस्था अजून वापरतात, आणि फोरजीमधली तिची धाकटी बहीणही भोळीच आहे. ॲपचं मात्र तुम्ही उलटं समजताय. तिथे कोड कुठूनच 'येत' नाही. सुरुवातीला क्यूआर स्कॅन करता तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये जाते. तीच सर्व्हरकडेही असते. दोघेही ती किल्ली आणि घड्याळाची वेळ घेऊन तेच गणित करतात, आणि साधारण दर ३० सेकंदांनी नवे सहा आकडे निघतात. फोन विमान मोडवर टाकून पाहा, आकडे बदलतच राहतील. वाटेत काही नसतंच, तर वळवणार काय?

खिडकीतला: आणि चोराने बँकेसारखं दिसणारं खोटं पान दाखवलं, मी त्यात कोड टाकला, तर?

तारायंत्र: तर गेलं. त्याने तो लगेच खऱ्या पानावर टाकला की ॲपही हरलं. नेटवर्कमधली भोकं ॲप टाळतं, तुमची चूक टाळत नाही.

मधुमालती: मी नंतर ॲप लावलं, तर मागच्या वर्षी फोन पाण्यात पडला. रिकव्हरी कोड लिहून ठेवले नव्हते. दोन खाती अजून उघडलेली नाहीत. सिम दुसऱ्या दिवशी परत मिळालं होतं! सामान्य माणसाला मी तरी एसएमएसच सांगेन.

तारायंत्र: सिम इतक्या सहज परत मिळतं, हेच तर तुमच्या पहिल्या चोराच्या पथ्यावर पडलं. पण रिकव्हरी कोड कागदावर न लिहिता ॲप लावू नये, हे एकदम मान्य. आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. ॲप लावूनही 'पासवर्ड विसरलात?' खाली मोबाइल नंबर तसाच राहतो, आणि चोर त्याच दाराने येतो. आधी ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन तो नंबर काढा.

खिडकीतला: ईमेलमध्ये काढता आला, रिकव्हरी कोडही लिहून घेतले. बँकेत मात्र एसएमएसशिवाय पर्यायच दिसत नाही. मग तिथे काय करायचं?