८० लाखांचं पत्र, हातात किती?

> "बँकेचं ८० लाखांचं प्री-अप्रूव्हल लेटर आहे. एक कोटीचा फ्लॅट बघितलाय, टोकन देऊ का?"

थांबा. पत्रात फक्त तुमचा पगार आणि सिबिल तपासलंय, फ्लॅट नाही. करारात एक कोटी असले आणि बँकेच्या व्हॅल्युअरने ९२ लाखच धरले, तर कर्ज ९२ वर मोजतात. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला कमाल ८० टक्के, म्हणजे ७३ लाख ६० हजार. उरलेले २६ लाख ४० हजार तुमचे. वर मुंबईतली ६ टक्के स्टॅम्प ड्युटी, ३० हजार नोंदणी.

जुन्या इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नसेल तर बँकेचा वकील फाईल अडवू शकतो, पत्र असूनही. म्हणून टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या: कर्ज नाकारलं तर पूर्ण रक्कम परत. एजंट कुरकुरेल, कुरकुरू दे.