मदत हवी आहे : कंस बरोबर मोजूनही एक्सेल फॉर्म्युला स्वीकारत नाही

रकानेवाली

नमस्कार. विक्रीच्या रकमेवर प्रोत्साहनभत्ता काढण्याची एक फाइल माझ्याकडे आहे. B रकान्यात विक्रीची रक्कम, C मध्ये उपस्थितीची टक्केवारी आणि D मध्ये अहवाल वेळेत आला की नाही, म्हणजे "हो" किंवा "नाही", अशी नोंद असते. आतापर्यंत ९० टक्क्यांवर उपस्थिती असली की पाच टक्के भत्ता, एवढाच साधा नियम होता. आता त्यासोबत अहवालाची अट आली आहे, आणि उपस्थिती किमान ७५ टक्के असणाऱ्यांना अडीच टक्के द्यायचे आहेत. त्यासाठी मी पुढील फॉर्म्युला नोटपॅडमध्ये लिहून सेलमध्ये चिकटवला.

```
=IF(AND(C2>=90,D2="हो",ROUND(B2*0.05,2),IF(C2>=75,ROUND(B2*0.025,2),0)))
```

एंटर दाबताच `There's a problem with this formula` असा संदेश येतो आणि फॉर्म्युला सेलमध्ये जातच नाही. उघडणारे पाच आणि बंद होणारे पाच, असे कंस मी मोजून पाहिले आहेत. जुना फॉर्म्युला याच फाइलमध्ये अजून व्यवस्थित चालतो. फरक एवढाच, की काम आता दुसऱ्या संगणकावर आले आहे. चूक नेमकी कुठे आहे, हे संदेशावरून कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

तिरपी ओळ

अवतरणचिन्हे तपासा. वर्डमधून किंवा संकेतस्थळावरून मजकूर उचलला की सरळ चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात आणि एक्सेलला ती ओळखता येत नाहीत. माझ्या बाबतीत दहापैकी नऊ वेळा तेच कारण निघते. शिवाय IF मध्ये IF घालण्यालाही मर्यादा असते, सातच्या पुढे ते चालत नाही.

जुना हिशेबनीस

वळणदार चिन्हांचा त्रास खरा आहे, पण त्याचे लक्षण वेगळे असते. तशा वेळी फॉर्म्युला सहसा सेलमध्ये शिरतो आणि उत्तराच्या जागी `#NAME?` दिसते, कारण चिन्हांसह तो शब्द एक्सेलला एखादे नाव वाटतो. इथे फॉर्म्युला दारातच अडवला जात आहे, म्हणजे त्याची रचनाच वाचता आलेली नाही. सातची मर्यादा २००७ च्या आवृत्तीपूर्वीची आहे. आता ती चौसष्ट आहे, आणि इथे तर IF दोनच आहेत.

रकानेवाली, पुढे जाण्याआधी दोन गोष्टी पाहून सांगाल का? एखाद्या रिकाम्या सेलमध्ये `=1/2` लिहा आणि उत्तर 0.5 दिसते की 0,5 ते पाहा. मग दुसऱ्या सेलमध्ये `=SUM(` एवढेच लिहून थांबा. खाली जी पिवळसर किंवा पांढरी सूचनापट्टी येते तिच्यात number1 नंतर स्वल्पविराम आहे की अर्धविराम, ते कळवा. जुना फॉर्म्युला ज्या सेलमध्ये चालतो, त्याच्यावर उभे राहून फॉर्म्युला बारमध्ये तो कसा दिसतो हेही इथे चिकटवा.

निळी शाई

संदेशातच उपाय दिलेला आहे की. बरोबरच्या चिन्हाआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकायचे, म्हणजे तक्रार बंद होते. मी नेहमी तसेच करते.

जुना हिशेबनीस

तक्रार बंद होते, कारण मग तो फॉर्म्युलाच राहत नाही, सेलमध्ये तेवढा मजकूर दिसत राहतो. ज्यांना बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूरच लिहायचा आहे, त्यांच्यासाठी तो सल्ला आहे. मात्र एका कामासाठी ही युक्ती मी स्वतः वापरतो. लांबलचक फॉर्म्युला अडला आणि मध्येच दुसरीकडे जावे लागले, तर पुढे ते चिन्ह टाकून तो सेलमध्ये ठेवून देतो, कारण Esc दाबल्यास लिहिलेले सगळे जाते.

रकानेवाली

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. `=1/2` चे उत्तर 0,5 असे येते. सूचनापट्टीत number1 नंतर अर्धविराम आहे. जुना फॉर्म्युला असा दिसतो :

```
=IF(C2>=90;ROUND(B2*0,05;2);0)
```

आश्चर्य असे, की हा मी जुन्या संगणकावर स्वल्पविराम देऊनच लिहिला होता. इथे तो कोणी बदलला?

जुना हिशेबनीस

कोणीही बदललेला नाही. फाइल जतन होते तेव्हा फॉर्म्युला एकाच ठरावीक रूपात साठवला जातो आणि तो उघडणाऱ्या संगणकाच्या विंडोज सेटिंगप्रमाणे दाखवला जातो. म्हणून फाइल कुठेही नेली तरी तिच्यातील फॉर्म्युले चालू राहतात. नोटपॅडमधून चिकटवलेल्या मजकुराचे असे भाषांतर होत नाही. तो तुम्ही टंकल्यासारखाच, अक्षरशः, वाचला जातो.

तुमच्या नव्या संगणकावर स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे. त्यामुळे `C2>=90,D2` इथे पोहोचल्यावर एक्सेल ९० च्या पुढे अपूर्णांकाची अपेक्षा करते, आणि तिथे D आल्यावर वाचनच थांबते. इथे आर्ग्युमेंट वेगळी करण्यासाठी अर्धविराम आणि अपूर्णांकासाठी स्वल्पविराम हवा. बदलताना क्रम सांभाळा. आधी सर्व स्वल्पविरामांचे अर्धविराम करा आणि त्यानंतरच संख्यांमधील बिंदूंचे स्वल्पविराम करा. उलट क्रमाने गेलात तर `0,05` चे पुन्हा `0;05` होईल.

एवढ्याने तुमचा फॉर्म्युला स्वीकारला जाईल असे मात्र मला वाटत नाही. पुढचा संदेश कोणता येतो ते शब्दशः कळवा.

रकानेवाली

क्रमाने बदल केले. आता संदेश बदलला आहे : `You've entered too few arguments for this function.` फॉर्म्युला सध्या असा आहे.

```
=IF(AND(C2>=90;D2="हो";ROUND(B2*0,05;2);IF(C2>=75;ROUND(B2*0,025;2);0)))
```

कंस अजूनही पाचास पाच आहेत.

जुना हिशेबनीस

संदेश बदलला ही प्रगती आहे. पहिल्या संदेशाचा अर्थ वाक्य वाचताच आले नाही असा होता. या संदेशाचा अर्थ वाक्य वाचले गेले, पण एका फंक्शनला त्याचा वाटा पुरेसा मिळाला नाही, असा आहे. म्हणजे चिन्हे आता ठीक आहेत आणि कंस जोडीने आहेत, फक्त त्यांपैकी एक भलत्या जागी आहे. नुसत्या मोजणीने ही चूक कधीच सापडत नाही.

ती डोळ्यांनी पाहण्याचा मार्ग असा. संदेशावर OK दाबल्यानंतर सेल संपादनातच राहतो. एक्सेल अशा वेळी एखादा तुकडा निवडून दाखवते, पण चुकीचे मूळ तिथेच असते असे नाही, म्हणून त्यावर फार विसंबू नका. पहिल्या IF च्या कंसानंतर लगेच, AND या शब्दाच्या आधी, कर्सर ठेवा. खाली सूचनापट्टीत `logical_test` हे नाव ठळक दिसेल, त्यावर क्लिक करा. एक्सेलला जेवढा भाग अट म्हणून दिसतो, तेवढा सगळा निवडला जाईल. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे AND पासून शेवटच्या कंसाच्या आतले सगळे निवडले जाईल.

AND ला २५५ पर्यंत अटी चालतात, त्यामुळे त्याने तुमचे दोन्ही ROUND, एक IF वगैरे निमूटपणे पोटात घेतले. IF च्या वाट्याला फक्त एक AND उरला. अट आहे, पण ती खरी ठरल्यास काय द्यायचे ते नाही, म्हणून आर्ग्युमेंट कमी पडल्याची तक्रार. AND चा कंस `"हो"` नंतर लगेच बंद व्हायला हवा होता. तो तिथे राहून गेला आणि त्याची भरपाई शेवटी झाली. दुरुस्त रूप :

```
=IF(AND(C2>=90;D2="हो");ROUND(B2*0,05;2);IF(C2>=75;ROUND(B2*0,025;2);0))
```

शेवटचा एखादाच कंस राहिला असता तर एक्सेलने सहसा दुरुस्ती सुचवून होकार मागितला असता. तो होकार देण्यापूर्वी सुचवलेले रूप वाचावे, कारण एक्सेल कंस जिथे बसेल तिथे बसवते, तुमच्या मनातील जागा त्याला ठाऊक नसते.

मॅक्रोप्रेमी

विषय निघालाच आहे म्हणून माझी अडचण सांगतो. वरच्यासारख्याच संगणकावर मी मॅक्रोतून `Range("E2").Formula` ला अर्धविराम असलेला फॉर्म्युला देतो, तर १००४ क्रमांकाची त्रुटी येते. तोच मजकूर हाताने सेलमध्ये लिहिला तर चालतो. इथेही कंसच पाहायचा का?

जुना हिशेबनीस

नाही, तुमचे उलट आहे. `.Formula` ला संगणकाचे सेटिंग काहीही असो, इंग्रजी फंक्शननावे, स्वल्पविराम आणि दशांशबिंदूच लागतो. सेलमध्ये दिसते तसे द्यायचे असेल तर `.FormulaLocal` वापरा, पण मग तो मॅक्रो वेगळ्या सेटिंगच्या संगणकावर अडेल. मी स्वतः पहिलाच वापरतो.

तिरपी ओळ

एवढा खटाटोप करण्यापेक्षा विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये `Decimal symbol` आणि `List separator` बदलून टाकावे, म्हणजे जुनी सवय मोडावी लागणार नाही.

जुना हिशेबनीस

स्वतःचा संगणक असेल तर जरूर करावे, फाइलमधील फॉर्म्युल्यांना धक्का लागत नाही. परंतु तो बदल एक्सेलपुरता राहत नाही. त्याच संगणकावरील इतर प्रोग्रामही तेच सेटिंग वाचतात, आणि एक्सेलमधून CSV जतन करताना रकाने कोणत्या चिन्हाने वेगळे होतात हेही `List separator` वरच ठरते. पलीकडे कोणी ती CSV ठरावीक रूपात घेत असेल तर त्याचे काम अडेल.

रकानेवाली

माझ्या संगणकावर ते सेटिंग बदलण्याची परवानगीच नाही, त्यामुळे अर्धविरामाचीच सवय करीन. दुरुस्त फॉर्म्युला स्वीकारला गेला आणि सूचनापट्टीतील क्लिकने खरोखरच AND पासून शेवटपर्यंतचा भाग निवडला गेला होता. फॉर्म्युला खाली ओढला तेव्हा बहुतेक ओळींत उत्तर बरोबर आले, पण काही ओळींत `#VALUE!` आले आहे. त्या ओळींत B मधील रकमा डावीकडे सरकलेल्या दिसतात आणि त्यांत बिंदू आहे, उदाहरणार्थ 1250.50.

जुना हिशेबनीस

हे कंसाचे प्रकरण नाही, पण मूळ तेच आहे. त्या रकमा दुसऱ्या प्रोग्राममधून बिंदूसह आल्या असाव्यात. या संगणकाला त्या संख्या वाटत नाहीत, मजकूर वाटतात. `=ISTEXT(B7)` असे लिहून खात्री करा. `#VALUE!` दिसते ते त्यातल्या त्यात बरे, निदान ते लपत नाही. मला अधिक काळजी C रकान्याची वाटते. एक्सेल तुलना करताना मजकुराला कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानते, त्यामुळे 60.5 ही टक्केवारी मजकूर म्हणून आली असेल तर `C2>=90` ही अट खरी ठरेल आणि अहवाल वेळेत असल्यास त्या व्यक्तीला कोणत्याही तक्रारीविना पाच टक्के मिळतील.

रकानेवाली

C मध्येही डावीकडे सरकलेल्या नोंदी आहेत, हे आताच पाहिले. त्या रकान्यात `Find and Replace` ने बिंदूचा स्वल्पविराम केला तर त्या संख्या होतील का, की बिंदूमुळे काही नोंदी आधीच तारखा झाल्या असतील?

जुना हिशेबनीस

डावीकडे असलेल्या नोंदी बहुधा होतील, आधी फाइलची प्रत करून पाहा. तारीख झालेल्या नोंदी उजवीकडे, संख्यांच्या रांगेतच उभ्या असतील आणि त्यांवर हा उपाय चालणार नाही, कारण मूळ आकडा त्यांत उरलेलाच नसतो. त्या मूळ प्रोग्राममधून पुन्हा घ्याव्या लागतील. एक्सेल तारीख आतून एका मोठ्या क्रमांकाच्या रूपात ठेवते आणि उपस्थितीचा आकडा शंभराच्या वर जाऊ शकत नाही, तेव्हा C वर `>100` अशी गाळणी लावून काय निघते ते कळवा.